हळदीच्या लिस्टिंगमधलं प्रत्येक वाक्य आणि त्यामागचा कागद

प्रश्न: सांगलीत आमचा घरचा हळद पावडरीचा व्यवसाय आहे. दोन ऑनलाइन बाजारपेठा, आमची वेबसाइट आणि व्हॉट्सअॅप कॅटलॉग एवढ्या ठिकाणी माल विकतो. एका बाजारपेठेने "५ टक्के कर्क्युमिन" याचा पुरावा मागितला. आमच्याकडे लॅबचा रिपोर्ट होता, तो पाठवला तर नाकारला आणि लिस्टिंग बंद केली. आता ओळखीचे लोक म्हणतात, दाव्यांची नोंदवही ठेवा. ती नेमकी कशी ठेवायची?

उत्तर:

तुमचा रिपोर्ट खोटा नसणार. तो तुम्ही आज विकताय त्या हळदीचा नसणार, एवढंच. गेली काही वर्षं मी मसाल्याच्या विक्रेत्यांची लिस्टिंग आणि त्यामागची कागदपत्रं बघतोय, आणि नाकारलेल्या रिपोर्टांमध्ये बहुतेक वेळा हेच निघतं. कागद खरा असतो, वाक्यही कधीतरी खरं होतं, पण दोघांची गाठ सुटलेली असते. ती गाठ टिकवणं हेच नोंदवहीचं काम.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. नोंदवहीची एक ओळ म्हणजे एक वाक्य, एक उत्पादन नव्हे. बहुतेक जण "हळद पावडर ५०० ग्रॅम" अशी ओळ करतात आणि तिच्यापुढे रिपोर्ट, परवाना, सर्टिफिकेट सगळं एका फोल्डरमध्ये टाकून देतात. मग कुणी विचारलं की फोल्डर उघडतात आणि त्यातला सगळ्यात वजनदार दिसणारा कागद पाठवतात. बाजारपेठेत तपासणारा माणूस मात्र वाक्य वाचतो: "५ टक्के कर्क्युमिन." त्या तीन शब्दांना नेमका कोणता कागद आधार देतो, एवढंच त्याला बघायचं असतं.

विश्रामबागच्या एका कुटुंबाची नोंदवही मी गेल्या हंगामात त्यांच्याबरोबर बसून केली. दीर-भावजय मिळून धंदा बघतात. त्यांची हळद, तुमचाच प्रश्न, म्हणून तीच उलगडून सांगतो.

पहिला दिवस फक्त वाक्यं गोळा करण्यात गेला. लिस्टिंगचा मजकूर दोन्ही बाजारपेठांवरून एक्सेलमध्ये उतरवता येतो, तो उतरवला. पण तेवढ्याने भागत नाही, कारण अर्धे दावे मजकुरात नसतातच. फोटोवर छापलेले शब्द, व्हिडिओत बोललेलं, गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर, व्हॉट्सअॅप कॅटलॉगचं वर्णन, पाकिटाची मागची बाजू, आणि गिऱ्हाइकाला दिसत नाहीत असे शोधशब्द, हे सगळं हातानेच वाचावं लागतं. या कुटुंबाच्या शोधशब्दांत "शुगरवर उपाय" असं कुणीतरी टाकलं होतं. घरात कुणालाच आठवेना कधी टाकलं. लिस्टिंग पहिल्यांदा लावून देणाऱ्या मुलाने टाकलं असावं.

प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, आपल्या शब्दांत नाही. "५% कर्क्युमिन", "५%+ कर्क्युमिन" आणि "कर्क्युमिन ५ टक्क्यांपर्यंत" ही तीन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात आकडा ठाम आहे, दुसऱ्यात तो किमान आहे आणि तिसऱ्यात कमाल. तिन्हीला लागणारा पुरावा वेगळा. या घरात तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेली सापडली, आणि भावजय म्हणाल्या, "आम्हाला तर एकच म्हणायचं होतं." म्हणायचं एक होतं हे खरंच, पण गिऱ्हाइकाच्या पुढे तीन गेली.

उतरवून झाल्यावर वाक्यांचे ढीग करायचे. "रंग बघूनच मन भरेल" हे मत आहे, त्याला कागद लागत नाही, समोर "मत" लिहून पुढे जायचं. "सांगलीतली सर्वात चांगली हळद" हे मत वाटतं पण ती तुलना आहे, आणि सांगलीतल्या प्रत्येक हळदीशी तुलना केल्याचा कागद कुणाकडेच नसतो, तेव्हा "सर्वात" काढून टाकायचं. राहिले ते खरे दावे.

आता कर्क्युमिनची ओळ पूर्ण बघू, कारण नोंदवहीचं सगळं मर्म त्या एका ओळीत आहे.

त्यांच्याकडचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा होता. आकडा ५.१. वरवर बघितलं तर ५ टक्क्यांचा दावा बसतो. पण रिपोर्टात आकड्याच्या आधी चार गोष्टी वाचायच्या असतात. पहिली, नमुना कशाचा होता. यात लिहिलं होतं "हळकुंड", म्हणजे दळण्याआधीचा निवडक माल. विकतात मात्र पावडर, आणि तीही तीन वेगवेगळ्या अडत्यांकडून सौद्यात घेतलेल्या लॉटांची. दुसरी, नमुना कुणी दिला. "नमुना ग्राहकाने सादर केला, निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते" असं जवळपास प्रत्येक रिपोर्टात खाली बारीक अक्षरात असतं. लॅब तुमच्या गोदामाची हमी देत नाही, हातात आलेल्या पुडीची देते. तिसरी, आकडा कोणत्या आधारावर काढला. त्यांचा ५.१ हा कोरड्या वजनावरचा होता, म्हणजे ओलावा वजा करून. नमुन्यात ओलावा ८.५ टक्के होता. पाकिटात जशी हळद असते तशी धरली तर ५.१ ला ०.९१५ ने गुणायचं, ४.६७ येतात. म्हणजे ज्या दिवशी रिपोर्ट हातात पडला त्या दिवशीसुद्धा पाकिटावरचं "५ टक्के" त्यातून सिद्ध होत नव्हतं, निदान "कोरड्या वजनावर" हे शब्द सोबत लिहिल्याशिवाय तरी नाही.

चौथी गोष्ट म्हणजे पद्धत. स्पेक्ट्रोफोटोमीटरने काढलेला आकडा एकूण पिवळ्या रंगाची ताकद कर्क्युमिनच्या हिशोबात सांगतो. एचपीएलसीने काढलेला आकडा कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं वेगवेगळी मोजतो. एकाच हळदीचे दोन आकडे वेगळे येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. म्हणून नोंदवहीत आकड्याशेजारी पद्धतीचं नाव लिहायचं आणि दरवेळी तीच पद्धत मागायची. नाहीतर दोन लॉटांची तुलना करताना तुम्ही हळदीतला फरक बघताय की यंत्रातला, हे कळणार नाही. लॅबला एनएबीएलची मान्यता आहे एवढं बघूनही थांबू नका. मान्यता ठरावीक चाचण्यांना असते. कर्क्युमिनची चाचणी तुमच्या लॅबच्या मान्यता-यादीत आहे का, हे नमुना देण्याआधी विचारा.

मग आम्ही नव्याने नमुने काढले. त्या वेळी त्यांच्याकडे तीन लॉटांची पावडर पॅक झालेली होती. प्रत्येक लॉटच्या पॅक झालेल्या मालातून, सुरुवातीची, मधली आणि शेवटची पाकिटं फोडून, मिसळून २०० ग्रॅमचे दोन भाग केले. एक लॅबला, एक काळ्या पिशवीत सील करून घरी. पॅक झालेल्या मालातूनच नमुना का, तर चक्कीत आधीच्या लॉटची पावडर उरलेली असते, दोन लॉट थोडे मिसळतात, आणि गिऱ्हाइकाच्या हातात जातं ते मिसळलेलंच. आकडे आले ४.४, ३.९ आणि ४.१, पाकिटात आहे तशा ओलाव्यासह, तिन्ही एचपीएलसीने.

दीर खट्टू झाले. त्यांना वाटलं हळद हलकी निघाली. तसं काही नव्हतं. अन्नसुरक्षा मानकांत हळद पावडरीला किमान २ टक्के कर्क्युमिन लागतं, तेही कोरड्या वजनावर, आणि कोरड्या वजनावर धरली तर ही त्याच्या दुपटीहून जास्त होती. चुकीचा होता तो फक्त "५" हा आकडा.

मग लिहायचं काय? तिघांची सरासरी ४.१३ येते, म्हणून "४ टक्के" लिहावं असं त्यांना वाटत होतं. मी नको म्हटलं. सरासरी गोदामाला कळते, गिऱ्हाइकाला एकच पाकीट मिळतं, आणि त्याच्या वाट्याला ३.९ चा लॉट आला तर वाक्य खोटं ठरतं. शिवाय कर्क्युमिन उजेडात उतरतं. त्यांची पाकिटं पारदर्शक होती आणि बाजारपेठेच्या गोदामात माल महिनोन्‌महिने पडून राहतो. घरी ठेवलेल्या त्याच ३.९ च्या लॉटचं एक पारदर्शक पाकीट ७ महिन्यांनी पुन्हा तपासलं तर ३.७ आले. यात थोडा फरक लॅबच्या मोजणीचाही असू शकतो, पण गिऱ्हाइकाला तो समजावून सांगता येत नाही. म्हणून वाक्य ठरलं: "कर्क्युमिन किमान ३.५ टक्के". ते तिन्ही लॉटना, पहिल्या दिवशीही आणि शेवटच्या दिवशीही लागू पडतं.

नोंदवहीत ही ओळ अशी दिसते:

```
दावा क्र.: १४
वाक्य: कर्क्युमिन किमान ३.५ टक्के
कुठे: बाजारपेठ १ मुद्दा २; बाजारपेठ २ वर्णन;
      फोटो ३; वेबसाइट; पाकीट मागील बाजू
अर्थ: ओलाव्यासह, एचपीएलसी
पुरावा: रिपोर्ट ०७, ०८, ०९ (पान १)
लागू: लॉट ७, ८, ९
मुदत: या लॉटांचं शेवटचं पाकीट विकेपर्यंत
आधीचं वाक्य: "५%+ कर्क्युमिन", काढलं
तपासलं: नाव, तारीख
```

यात "लागू" आणि "मुदत" हे दोन रकाने लोक गाळतात, आणि तुमचा रिपोर्ट तिथेच अडकला. परवान्याला तारीख असते म्हणून त्याची मुदत कळते. लॅब रिपोर्टावर मुदत छापलेली नसते, म्हणून तो कायमचा वाटतो. खरं तर त्याची मुदत लॉटबरोबर संपते. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये ठेवत असाल तर परवाना आणि सर्टिफिकेटांच्या ओळींसाठी मुदतीच्या रकान्यावर (इथे तो जी आहे) हे सूत्र लावा, महिनाभर आधी इशारा मिळतो:

```
=IF(G2="","पुरावा नाही",IF(G2-TODAY()<30,"बघा","चालू"))
```

लॉटवर अवलंबून असलेल्या ओळींना हे सूत्र पुरत नाही, कारण नवा लॉट तारीख बघून येत नाही. त्यासाठी एक साधी शिस्त लागते: नव्या लॉटची पावडर दळली की पाकिटावर लॉट नंबर छापण्याआधी नोंदवही उघडायची, "लागू" रकान्यात जुने लॉट असलेल्या सगळ्या ओळी वेगळ्या काढायच्या आणि एकेक बघायच्या. या घरात अशा ओळी फक्त सहा निघाल्या. बाकीच्यांना लॉटशी देणंघेणं नव्हतं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते छपाईच्या आधी झालं तरच उपयोगाचं.

दुसरी ओळ, जिथे सांगलीतले विक्रेते सगळ्यात जास्त घसरतात: "अस्सल सांगलीची राजापुरी हळद". हे एक वाक्य दिसतं, पण त्यात तीन दावे आहेत, म्हणून ते फोडून तीन ओळींत लिहायचं.

सांगलीची म्हणजे कुठली? आपल्या मार्केट यार्डात फक्त जिल्ह्यातला माल येत नाही. मराठवाड्यातून येतो, कर्नाटकातून येतो, तेलंगणातूनही येतो. सांगलीत सौदा झाला म्हणून ती सांगलीत पिकली असं होत नाही. अडत्याची पट्टी हा खरेदीचा पुरावा आहे, पिकाच्या गावाचा नाही. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव आणि गाव असेल तर ती उपयोगी, नाहीतर अडत्याकडून तेवढं लिहून घ्यावं. या कुटुंबाच्या तीन लॉटांपैकी दोन जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे होते, पट्टीवर गाव होतं. तिसरा दुसऱ्या राज्यातला निघाला. मग त्या लॉटसाठी "सांगलीची" हा शब्द वापरता येणार नव्हता, आणि लिस्टिंग तर एकच. त्यांनी तो लॉट वेगळ्या पाकिटात, "सांगलीत दळलेली" या शब्दांनी विकायचं ठरवलं. ते वाक्य खरं होतं, चक्की त्यांचीच आहे.

शिवाय "सांगली हळद" या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते मिळालं म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येकाला मानांकनाचं चिन्ह लावण्याची मोकळीक मिळाली, असा मोठा गैरसमज आहे. कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि ती १० वर्षांसाठी असते. नोंदणी उत्पादक संघाची असेल आणि तुम्ही संघाकडून माल घेत असाल, तर संघाचं प्रमाणपत्र, त्यांचं बिल आणि त्या बिलातला लॉट अशी साखळी नोंदवहीत दिसली पाहिजे. नुसती प्रमाणपत्राची झेरॉक्स लावून भागत नाही.

राजापुरी हा दुसरा दावा. जिल्ह्यात सेलम जातही भरपूर लावतात. पावडर झाल्यावर डोळ्यांनी जात ओळखता येत नाही, आणि कर्क्युमिनच्या आकड्यावरूनही सांगता येत नाही. इथे पुरावा खरेदीच्या वेळीच मिळवावा लागतो: शेतकऱ्याचं लेखी निवेदन किंवा बियाणं घेतल्याची पावती. नंतर तो कुठूनच येत नाही. मिळाला नाही तर त्या लॉटवर "राजापुरी" लिहायचं नाही. "अस्सल" तर मी काढायलाच सांगितलं. बाकी दोन शब्दांचा पुरावा असेल तर त्याची गरज उरत नाही.

आणखी एक सवय मोडा. भेसळीच्या चाचणीत "आढळले नाही" असं आलं की लोक "शून्य कृत्रिम रंग" लिहितात. "आढळले नाही" याचा अर्थ त्या लॅबच्या मोजण्याच्या मर्यादेच्या खाली, एवढाच. आणि ज्या रंगाची चाचणी केली त्याबद्दलच. लेड क्रोमेटची चाचणी केली असेल तर मेटॅनिल यलोबद्दल तो रिपोर्ट काहीच बोलत नाही. वाक्य रिपोर्टाच्या मापाचं ठेवा: "लेड क्रोमेटसाठी तपासलेली". तसंच "१००% शुद्ध". अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या मे महिन्यात लेबल आणि जाहिरातीत "१००%" हा शब्दप्रयोग वापरू नका, असं उत्पादकांना सांगितलंय. त्या ओळीसमोर पुरावा शोधत बसू नका, ती काढाच.

काही ओळी अशा असतात की कितीही पुरावा आणला तरी त्या ठेवता येत नाहीत. "सांधेदुखी बरी होते", "शुगर आटोक्यात राहते". खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असं म्हणायला २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत मनाई आहे. कर्क्युमिनवर छापून आलेले शोधनिबंध लोक पुराव्याच्या रकान्यात टाकतात. ते औषधी मात्रेत दिलेल्या अर्कावरचे असतात, भाजीत पडणाऱ्या पाव चमचा हळदीवरचे नसतात, आणि ते काहीही म्हणत असले तरी मनाई तशीच राहते. गिऱ्हाइकाने स्वतःहून अभिप्रायात "माझे गुडघे दुखायचे थांबले" लिहिलं तर ते त्याचं म्हणणं. तुम्ही त्याचा स्क्रीनशॉट फोटोत लावला की तो तुमचा दावा झाला, आणि त्याचीही ओळ नोंदवहीत यायला हवी, शेरा "काढा".

काढलेल्या ओळी पुसू नका. त्या "काढलं, कारण, तारीख" असं लिहून तिथेच ठेवा. माझ्याच हातून एकदा हे राहिलं. कराडच्या एका गूळविक्रेत्याच्या वहीतून मी काढलेल्या ओळी साफ केल्या, वही नीटनेटकी दिसावी म्हणून. दिवाळीच्या आधी त्यांनी फोटो नवे करून घेतले, डिझायनरने जुन्या फोटोतून मजकूर उचलला, आणि चार महिन्यांपूर्वी काढलेला "रक्त वाढवतो" पुन्हा सगळीकडे गेला. वहीत तो नव्हताच, त्यामुळे तपासताना कुणाला अडला नाही. त्या दिवसापासून मी डिझायनरला मजकूर पाठवतो तो नोंदवहीतला "वाक्य" रकाना कॉपी करून, आणि फोटो आल्यावर तोच रकाना शेजारी उघडून वाचतो.

"कुठे" हा रकाना कंटाळवाणा आहे, पण तो भरल्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही. "५%+" काढायचं ठरलं तेव्हा विश्रामबागच्या घरी ते ९ ठिकाणी होतं. आठ ठिकाणचं त्याच दिवशी बदललं. नववं होतं छापून ठेवलेल्या पाकिटांवर, ५,००० पाकिटं. तिथे त्यांनी आकडा झाकणारं स्टिकर लावलं आणि स्टिकर लावलेल्या पहिल्या लॉटचा नंबर नोंदवहीत लिहिला. बाजारपेठेच्या गोदामात आधीच गेलेला माल मात्र परत मागवावा लागला. तो खर्च टाळायचा एकच मार्ग होता, माल पाठवायच्या आधी वही बघणं.

तुमच्या बंद पडलेल्या लिस्टिंगबद्दल. तोच रिपोर्ट पुन्हा पाठवू नका. आज बाजारपेठेच्या गोदामात तुमच्या कोणत्या लॉटचा माल आहे ते आधी पाकिटावरच्या नंबरावरून काढा, त्याच लॉटच्या पॅक पाकिटांतून नमुना काढून लॅबला द्या, आणि फॉर्मवर लॉट नंबर, उत्पादनाचं लिस्टिंगवर आहे तेच नाव आणि "आहे त्या ओलाव्यावर" हे तिन्ही लिहून घ्या. लॉट नंबर रिपोर्टावर छापून आला नाही तर तो रिपोर्ट कशाचा आहे हे तुम्हालाच सिद्ध करता येणार नाही, म्हणून मसुदा आला की तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा. आकडा ५ च्या खाली आला, आणि बहुधा तो येईल, तर आधी सगळीकडचं वाक्य बदला, मग बाजारपेठेला तीन गोष्टी एकत्र पाठवा: नवं वाक्य, त्याचा रिपोर्ट, आणि त्या लॉटच्या पाकिटाचा नंबर स्पष्ट दिसणारा फोटो.